ट्रॅकिंगची लिंक पाठवताना ग्राहकाला काय लिहावं: स्पीड पोस्टच्या प्रत्येक अपडेटचा अर्थ

घरून मसाले, चटण्या, साड्या किंवा हाताने केलेले दागिने विकायला सुरुवात केली की पार्सल नीट बांधणं लवकर जमतं. खरा घोळ त्यानंतर होतो. आपण पोस्टात जाऊन येतो, पावतीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो, खाली "ट्रॅकिंग" एवढं लिहितो आणि पुढच्या ऑर्डरकडे वळतो. पलीकडे ग्राहक `Item Bagged` हे शब्द वाचतो, दोन दिवस तेच शब्द पाहतो आणि मग फोन करतो, "अहो, पुढं सरकतच नाहीये. पैसे तर कधीच दिलेत."

ग्राहकाला पार्सल कुठं आहे हे कळायला हवं असतं, कधी येईल हे हवं असतं, आणि आपल्याला त्यासाठी काही करायचं आहे का हेही हवं असतं. ट्रॅकिंगची लिंक पहिल्या प्रश्नाचं अर्धवट उत्तर देते. बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं तुमच्या मेसेजनं द्यायची असतात. तो मेसेज कसा लिहायचा ते इथं सविस्तर सांगते. उदाहरण स्पीड पोस्टचं घेतलं आहे, कारण खेड्यापाड्यात पोचायचं तर अजूनही पोस्टच सगळ्यात भरवशाचं, आणि नवीन विक्रेते बहुधा तिथूनच सुरुवात करतात. खासगी कुरिअरचे शब्द थोडे वेगळे असतात, त्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

मेसेज पाठवण्याआधी

मेसेज पार्सल काउंटरवर देऊन पावती हातात आल्यावरच पाठवा. आदल्या रात्री "उद्या पाठवते" असं कळवायला हरकत नाही, पण नंबर मिळण्याआधी "पाठवलं" म्हणू नका. ग्राहक बुकिंगची तारीख पाहतोच, आणि ती तुमच्या शब्दाशी जुळली नाही की पुढचं तुमचं काहीच त्याला खरं वाटत नाही.

पावतीवर 13 अक्षर-आकड्यांचा नंबर असतो. सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी `IN`. स्पीड पोस्टचा नंबर `E` नं सुरू होतो. महाराष्ट्रात बुक केलेल्या पार्सलवर बहुतेक वेळा `EM` दिसेल. या लेखात नमुन्यासाठी `EM123456785IN` हा नंबर वापरला आहे. नऊ आकड्यांमधला शेवटचा आकडा आधीच्या आठांवरून गणित करून काढलेला असतो, म्हणजे मधला एखादा आकडा चुकला तर तो नंबर सहसा नियमात बसत नाही. म्हणूनच एक आकडा इकडचा तिकडे झाला की साइटवर दुसऱ्याचं पार्सल दिसण्याऐवजी बहुधा काहीच दिसत नाही. ग्राहक म्हणाला की "नंबरच चालत नाही", तर आधी आकडे एकेक करून ताडून बघा. शेवटच्या `IN` मधल्या `I` च्या जागी 1 टाइप होणं हे नेहमीचं कारण आहे.

पावती हातात आली की काउंटरवरून हलण्याआधी तिच्यावरचा पिनकोड आणि ग्राहकाचा मोबाइल नंबर वाचा. गर्दीच्या वेळी काउंटरवरच्या माणसाकडून आकडा चुकू शकतो, आणि तिथल्या तिथं सांगितलं तर दुरुस्ती होते. पार्सल कोणत्या गावाच्या पिशवीत जाईल हे पिनकोडवरून ठरतं. पहिले तीन आकडे छाननीचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन वाटपाचं पोस्ट ऑफिस. (15 ऑगस्ट 1972 ला सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी अधिकाऱ्यानं आखली, आणि आजही सगळी छाननी तिच्यावर चालते.) मोबाइल नंबर बरोबर असेल तर ग्राहकाला पोस्टाकडून एसएमएस जातो आणि पोस्टमनला पत्ता सापडला नाही तर तो फोन करू शकतो.

वयस्कर ग्राहक कधी कधी विचारतात, "रजिस्टर केलंय ना?" 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. त्यांना एवढंच सांगा की नोंद झालेली आहे, पावती माझ्याकडे आहे.

मेसेज

हा मेसेज मी दोन भागांत पाठवते. पहिल्या भागात मजकूर, दुसऱ्या भागात फक्त नंबर, मागेपुढे एक अक्षरही नाही. व्हॉट्सॲपवर मेसेजवर बोट दाबून धरलं की तो पूर्ण कॉपी होतो. नंबर मजकुरात असेल तर ग्राहक तो बघून टाइप करतो आणि चुकतो. नंबर एकटा असला की दाबून धरला, कॉपी केला, साइटवर पेस्ट केला, झालं.

पोस्टाच्या साइटवर साधारणपणे नंबर स्वतः टाकावा लागतो, कधी कॅप्चाही भरावा लागतो. तेव्हा नुसती लिंक देऊन भागत नाही, पुढं काय करायचं तेही सांगावं लागतं. हा घ्या पहिला भाग:

> नमस्कार ताई, तुमचं पार्सल आज सकाळी पुण्याहून स्पीड पोस्टानं पाठवलं. त्यात गोडा मसाला अर्धा किलो, मेतकूट पाव किलो आणि लसणीची चटणी पाव किलो आहे.
>
> बघायचं असेल तर www.indiapost.gov.in उघडा, ट्रॅकिंगच्या चौकटीत खालच्या मेसेजमधला नंबर पेस्ट करा, कॅप्चा विचारला तर भरा. नवीन ओळ सगळ्यात वर येते, म्हणून खालून वर वाचायचं.
>
> Item Booked: पोस्टानं पार्सल घेतलं.
> Item Bagged: पिशवीत भरलं.
> Item Dispatched: पिशवी पुढच्या गावाला निघाली.
> Item Received: पिशवी उघडली, पार्सल त्या ऑफिसात आहे.
> Out for Delivery किंवा Dispatched to BO: तुमच्या गावाकडे वाटपाला निघालं. त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मिळेल. फोन जवळ ठेवा.
>
> मधे एक-दोन दिवस काहीच बदललं नाही तर काळजी करू नका, पार्सल प्रवासात असतं. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी वाटप नसतं. साधारण शुक्रवार-शनिवारपर्यंत मिळायला हवं. सोमवारपर्यंत आलं नाही, किंवा Door Locked, Insufficient Address असं काही दिसलं, तर मला लगेच कळवा, मी पोस्टाशी बोलते.
>
> पार्सलचे सगळे पैसे भरून झालेत. पोस्टाच्या नावानं कुणी लिंक पाठवून पत्ता किंवा पैसे मागितले तर ती उघडू नका, आधी मला विचारा.

मेसेज लांब वाटेल, पण ग्राहक तो एकदाच सबंध वाचतो आणि नंतर हवी ती ओळ शोधतो. तीच माहिती चार दिवस चार फोनवर सांगण्यापेक्षा हे सोपं. वस्तूंची यादी मी मुद्दाम घालते. ग्राहकानं दोन-तीन ठिकाणांहून काही मागवलेलं असतं, कोणतं पार्सल कुणाचं ते त्याला यादीवरून कळतं. बांधताना माझी राहून गेलेली एखादी वस्तूही यादी वाचली की त्याच्या तेव्हाच लक्षात येते.

तारीख देताना एक दिवस सांगू नका, दोन दिवसांची मुदत द्या आणि पुढं "या दिवसापर्यंत आलं नाही तर कळवा" अशी कडेची तारीखही द्या. ग्राहकाचा जीव टांगणीला लागतो तो कधीपर्यंत थांबायचं हे ठाऊक नसल्यामुळे.

मधल्या शांततेचं कारण

सगळ्यात जास्त फोन याच टप्प्यावर येतात, म्हणून पार्सलचं आत काय होतं ते तुम्हाला स्वतःला माहीत असू द्या.

काउंटरवर पार्सल घेतलं की त्याचा बारकोड वाचला जातो, ती `Item Booked`. दुपारनंतर त्या ऑफिसातली एका दिशेची पार्सलं एका पिशवीत भरतात, भरताना प्रत्येकाचा बारकोड पुन्हा वाचतात, ती `Item Bagged`. मग पिशवीचं तोंड बांधून तिला सील लावतात आणि तिला स्वतःचा वेगळा नंबर मिळतो. इथून पुढं गाडीत चढते ती पिशवी, नोंद होते ती पिशवीची. तुमच्या पार्सलचा बारकोड आता आत बंद आहे. पिशवी दुसऱ्या ठिकाणी उघडून पार्सल बाहेर काढेपर्यंत त्याच्या नावावर नवीन ओळ येऊच शकत नाही. रातराणीत बसलेल्या माणसाचा फोन बंद असला तर तो स्टँडवर उतरल्यावरच कळतं की पोचला, तसंच हे. ग्राहकाला हे एकदा समजलं की "सरकत नाहीये" ही तक्रार निम्म्यानं कमी होते.

स्पीड पोस्टची पार्सलं मोठ्या छाननी केंद्रांमधून जातात. ट्रॅकिंगमध्ये गावाच्या नावापुढं `NSH` दिसलं तर ते राष्ट्रीय छाननी केंद्र, `ICH` दिसलं तर त्याहून लहान, एका परिमंडळातल्या, म्हणजे पोस्टाच्या साधारण एका राज्याएवढ्या विभागातल्या वाटपासाठीचं. पुण्याला आणि नागपूरला अशी मोठी केंद्रं आहेत. पार्सल गावाहून थेट गावाला जात नाही. आधी मोठ्या केंद्रात, तिथून दुसऱ्या मोठ्या केंद्रात, मग खाली उतरत तुमच्या ऑफिसात असा त्याचा रस्ता असतो. त्यामुळे कधी कधी पार्सल उलट्या दिशेला गेल्यासारखं दिसतं.

एक पार्सल, पहिल्या ओळीपासून

वरचा मेसेज ज्या ताईंसाठी लिहिला त्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यात राहतात असं धरू. पुण्याहून सोमवारी बुक केलेल्या पार्सलचं शुक्रवारी दुपारी असं काही चित्र दिसेल. वेळा नमुन्याच्या आहेत, आणि साइटवर शब्दांची मांडणी थोडी बदलू शकते. `H.O` म्हणजे मुख्य डाकघर, `S.O` म्हणजे उपडाकघर, `B.O` म्हणजे शाखा डाकघर.

```
Fri 13:10  Village B.O       Item Delivered
Thu 09:20  Hinganghat S.O    Dispatched to BO
Thu 08:05  Hinganghat S.O    Item Received
Wed 20:40  Nagpur NSH        Item Dispatched
Wed 13:15  Nagpur NSH        Item Received
Tue 02:20  Pune NSH          Item Dispatched
Mon 21:30  Pune NSH          Item Received
Mon 17:05  Pune H.O          Item Dispatched
Mon 16:10  Pune H.O          Item Bagged
Mon 11:42  Pune H.O          Item Booked
```

पहिल्या चार ओळी सोमवारीच येतात, त्यामुळे ग्राहक खूश असतो. मंगळवारी पहाटे पार्सल पुण्याच्या केंद्रातून निघतं आणि बुधवारी दुपारी एकपर्यंत एकही नवीन ओळ नाही. म्हणजे जवळजवळ दीड दिवस. पिशवी तेवढा वेळ गाडीत आणि नागपूरला उतरवण्याच्या रांगेत असते. मंगळवारी संध्याकाळी फोन येण्याची शक्यता सगळ्यात जास्त, म्हणून मी मंगळवारी सकाळीच एक ओळ आधी पाठवून देते: "ताई, पार्सल पहाटे पुण्याहून नागपूरला निघालं, आता उद्या दुपारपर्यंत नवीन काही दिसणार नाही." आपण विचारण्याआधी कळवलं की ग्राहक निर्धास्त होतो.

बुधवारी नागपूर दिसतं आणि ताई विचारतात, "आमचं हिंगणघाट तर वर्ध्याजवळ. पुण्याहून येताना आधी वर्धा लागतं, मग नागपूर. पार्सल पुढं कसं गेलं?" प्रश्न अगदी बरोबर आहे. रेल्वे वर्ध्यावरूनच नागपूरला जाते. पण छाननी नागपूरच्या केंद्रात होते म्हणून पिशवी आधी तिथं जाते, उघडते, आणि हिंगणघाटची पार्सलं मागं फिरतात. "चुकीच्या गावी गेलं" असं ग्राहकाला वाटलं की नकाशापेक्षा पिनकोड बघायला सांगा. 442 नं सुरू होणारा पिनकोड पावतीवर नीट असेल तर पार्सल वाटेवर आहे.

गुरुवारी सकाळी हिंगणघाट येतं, त्याच सकाळी `Dispatched to BO`. शहरातला ग्राहक असता तर इथं `Out for Delivery` दिसलं असतं. `BO` म्हणजे शाखा डाकघर, खेड्यातलं छोटं पोस्ट ऑफिस. तिथं शाखा डाकपाल आणि ग्रामीण डाकसेवक काम करतात, आणि बहुतेक ठिकाणी दिवसातून थोडेच तास ऑफिस उघडं असतं. तालुक्याहून टपालाची पिशवी तिथं पोचायला कधी दुपार होते, त्यामुळे वाटप दुसऱ्या दिवशी जातं. शहरातल्या ग्राहकाला `Out for Delivery` दिसल्यावर "आज मिळेल" म्हणता येतं. खेड्यातल्या ग्राहकाला `Dispatched to BO` दिसल्यावर "उद्यापर्यंत" म्हणा. हा फरक मेसेजमध्ये सांगितला नाही तर ताई गुरुवारी दिवसभर ओट्यावर वाट बघतात.

खेड्यात शाखा डाकपाल सगळ्यांना ओळखतात. सोमवारपर्यंत पार्सल आलं नाही तर ताईंनीच जाऊन विचारलेलं सगळ्यात लवकर कामाला येतं.

कोणत्या ओळीवर हलायचं

वरच्या दहा ओळींपैकी आठ वाचून सोडून द्यायच्या असतात. ग्राहकानं किंवा तुम्ही काहीतरी करायला हवं अशा ओळी मोजक्याच आहेत, आणि त्या दिसल्या की उशीर नको.

`Door Locked` म्हणजे पोस्टमन आला होता, दार बंद होतं. पोस्टमन बहुधा पुन्हा येतो, पण त्याच्यावर विसंबून राहू नका. पार्सल आता वाटपाच्या ऑफिसात आहे आणि तिथं साधारण सात दिवस थांबतं, मग परत फिरतं. अशी ओळ दिसली की मी लगेच असा मेसेज करते:

> ताई, पोस्टमन आज येऊन गेले, दार बंद होतं असं दिसतंय. पार्सल तुमच्या पोस्ट ऑफिसात सुरक्षित आहे. उद्या कुणी घरी असेल तर पुन्हा येतील. नसेल तर तुमचं ओळखपत्र आणि हा नंबर घेऊन ऑफिसात गेलात तर तिथंच मिळेल. कोणतं सोयीचं ते सांगा, म्हणजे मी तसं कळवते.

नोकरदार ग्राहकाला दिवसभर घर बंदच असतं. त्याला पहिल्या मेसेजमध्येच विचारा की ऑफिसचा पत्ता द्यायचा का, किंवा शेजाऱ्यांचं नाव लिहायचं का. पार्सल निघाल्यावर पत्ता बदलणं अवघड असतं.

`Insufficient Address` आणि `Addressee cannot be located` या दोन्ही ओळींत पोस्टमनला घर सापडलेलं नसतं. पुण्यामुंबईत इमारतीचं नाव असतं पण विंग नसते. खेड्यात आडनाव असतं पण वाडी नसते, आणि एका गावात त्याच आडनावाची तीस घरं. इथं वाट बघू नका. ग्राहकाकडून पूर्ण पत्ता, जवळची खूण आणि चालू फोन नंबर घ्या आणि त्या दिवशीच वाटपाच्या पोस्ट ऑफिसला कळवा. ऑफिसचा नंबर पोस्टाच्या साइटवर पिनकोडवरून शोधता येतो. तिथला फोन लागला नाही तर ग्राहकालाच ऑफिसात जायला सांगा. स्वतः समोर उभं राहिल्यावर काम पटकन होतं.

`Item Onhold` पाहून घाबरायला होतं, पण बरेचदा ते पार्सल ऑफिसात थांबवून ठेवलंय एवढंच सांगतं. दुसऱ्या दिवशी रविवार किंवा सुट्टी असेल तर कारण समोरच आहे. सुट्टी नसताना दोन दिवस तीच ओळ राहिली तर मात्र चौकशी करा.

`Refused` म्हणजे घरातल्या कुणीतरी पार्सल घ्यायला नकार दिला. हे बहुतेक वेळा गैरसमजानं होतं: सासूबाईंना किंवा वॉचमनला पार्सल येणार हे माहीत नसतं, अनोळखी नावाचं पार्सल म्हणून ते परत करतात. म्हणून पहिल्या मेसेजच्या वेळीच "घरी सांगून ठेवा, पाकिटावर माझं नाव असेल" अशी एक ओळ टाकता आली तर चांगलं.

आणि `Item Returned`, किंवा पार्सल तुमच्याच दिशेला उलट निघालेलं. आता मधे थांबवणं जवळजवळ अशक्य असतं. ग्राहकाला खरं सांगा की परत येतंय, आलं की पुन्हा पाठवते, दुसऱ्या वेळचा खर्च कुणाचा ते आत्ताच ठरवून टाका. चूक पत्त्यात असेल तर साधारणपणे ग्राहक देतो, चूक तुमच्या लिहिण्यात असेल तर तुम्ही द्या.

`Item Delivered` आलं, पार्सल नाही

यात सगळ्यात जास्त बोलाचाली होते, म्हणून थोडं थांबून लिहिते. ग्राहक म्हणतो मिळालं नाही, साइट म्हणते मिळालं. दोघांपैकी कुणी खोटं बोलतंय असं गृहीत धरू नका.

आधी ग्राहकाला घरात आणि आजूबाजूला विचारायला सांगा: वॉचमनची केबिन, तळमजल्यावरचं दुकान, शेजारचं घर, शिकायला बाहेर असणारा मुलगा. बहुतांश पार्सलं इथंच सापडतात. नाही सापडलं तर ओळीतली वेळ आणि ऑफिसचं नाव टिपून त्या दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी वाटपाच्या ऑफिसात जायला सांगा. पार्सल कुणाला दिलं याची नोंद तिथं असते, आणि त्या भागातल्या पोस्टमनला कालचं पार्सल आठवत असतं. आठवड्यानं विचारलं तर आठवत नाही.

तिथंही उलगडा झाला नाही तर तक्रार नोंदवा. पोस्टाचा निःशुल्क क्रमांक 1800 266 6868 आहे, आणि साइटवरही तक्रार करता येते. तक्रार पाठवणाऱ्यानं, म्हणजे तुम्ही केलेली बरी, कारण पावती तुमच्याकडे असते. म्हणूनच ग्राहकाकडून "मिळालं" असं येईपर्यंत पावती फेकू नका. पावतीवरची शाई काही महिन्यांत उडते, तिचा फोटो काढून ठेवा. तो फोटो मात्र गटात टाकू नका. त्यावर ग्राहकाचा पत्ता आणि कधी फोन नंबरही असतो.

किमती वस्तू पाठवताना एक मर्यादा ध्यानात ठेवा. विमा न काढलेलं स्पीड पोस्ट हरवलं तर भरपाई भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा 1000 रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढीच मिळते. पैठणी पाठवत असाल तर काउंटरवर विमा मागा आणि ग्राहकालाही तसं सांगा.

बनावट मेसेज आणि ओटीपी

पार्सल वाटेवर असताना ग्राहकाला इंग्रजीत एसएमएस येतो: तुमचा पत्ता अपूर्ण आहे, पार्सल गोदामात अडकलं आहे, 24 तासांत या लिंकवर पत्ता भरा. लिंक उघडली की पोस्टाच्या साइटसारखं पान दिसतं आणि पुन्हा वाटपासाठी म्हणून छोटी रक्कम कार्डावरून मागतात. असा मेसेज खोटा असल्याचं सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनं जाहीर केलं आहे. पोस्ट लिंक पाठवून पत्ता भरायला सांगत नाही. ग्राहकाला खरंच पार्सल येणार असतं, म्हणून तो फसतो. तुम्ही पहिल्या मेसेजमध्ये साइटचं नाव पूर्ण लिहिलेलं असलं की त्याला ताडून बघता येतं. `indiapost.gov.in` च्या पुढं-मागं `www.` सोडून जोडलेलं काहीही, किंवा शेवटी `.gov.in` नसलेलं काहीही, उघडायचं नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करायला सांगा; तो सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन क्रमांक आहे.

याच कारणानं मी लिंक आखूड करणारी साधनं वापरत नाही. आखूड लिंकमध्ये ती कुठं नेते ते दिसत नाही, आणि ग्राहकाला अनोळखी लिंकवर बोट ठेवायची सवय आपणच लावतो.

काही पार्सलांचं वाटप ओटीपीवर होतं. पाठवताना तुम्ही ती सोय घेतली असेल तर ग्राहकाला सांगा की ओटीपी पोस्टमन पार्सल घेऊन दारात उभे असतानाच द्यायचा, फोनवर कुणालाही द्यायचा नाही. घरी आई-वडील पार्सल घेणार असतील तर ओटीपी कोणाच्या फोनवर येणार हे आधी बघा, नाहीतर पोस्टमन दारात आणि ओटीपी बंगलोरच्या मुलाच्या फोनवर.

कुरिअरनं पाठवलं असेल तर

खासगी कुरिअरची लिंक बहुधा थेट तुमचंच पार्सल उघडते, नंबर टाकावा लागत नाही. त्या नंबरला ते एडब्ल्यूबी म्हणतात. तिथं नवीन विक्रेत्यांना फसवणारा शब्द म्हणजे `Manifested` किंवा `Pickup Scheduled`. लेबल तयार झालं, पार्सल अजून तुमच्या घरातच आहे एवढाच त्याचा अर्थ. कुरिअरचा माणूस घेऊन गेल्यावर `Picked Up` किंवा `In Transit` येतं. ग्राहकाला लिंक त्यानंतर पाठवा. `Out for Delivery` सकाळी आलं तरी माणूस संध्याकाळपर्यंत केव्हाही येतो. `Undelivered` दिसलं की बहुतेक कंपन्या एक-दोनदाच पुन्हा येतात, आणि मग `RTO` दिसतं, म्हणजे पार्सल परत तुमच्याकडे निघालं. पोस्टात जे काम सात दिवसांत करता येतं ते इथं त्याच दिवशी करावं लागतं. कुरिअरचा फोन अनोळखी नंबरवरून येतो. ग्राहकाला सांगा की आज तेवढा उचला.

शेवटचा मेसेज

साइटवर `Item Delivered` दिसलं की संध्याकाळी विचारा:

> ताई, पार्सल मिळालं असं दिसतंय. पाकीट फुटलेलं किंवा ओलं नाही ना? तीनही जिन्नस मिळाले का? चटणी उघडल्यावर काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये ठेवा.

पाकिटाबद्दल त्याच दिवशी विचारलं तर फोटो मिळतो आणि बांधण्यात काय कमी पडलं ते कळतं. तेलकट चटणीची पिशवी एका कोपऱ्यात फुटली असेल तर पुढच्या वेळी तिला दुसरी पिशवी आणि मधे वर्तमानपत्राचा कागद लागणार. "मिळालं" असं उत्तर आलं की पावतीच्या फोटोवर तारीख टाकून तो त्या महिन्याच्या फोल्डरमध्ये हलवा, आणि ज्यांचं उत्तर आलेलं नाही तेवढीच पार्सलं रोज सकाळी साइटवर बघा.